जोडा नको, घड्याळ बघा

शनिवार, रात्री साडेनऊ

आज भिशी शुभदाकडे होती, रामबागेत. चिठ्ठी निघाली, पैसे मोजून झाले, आणि मी म्हटलं, "आता थोडा वेळ मला द्या. फिटबद्दल बोलायचंय." सगळ्या एकदम गप्प. स्मिता चहाचे कप उचलायला लागली, त्यातले अर्धे अजून भरलेले होते.

मला एपिलेप्सी आहे हे मी या मैत्रिणींना उन्हाळ्यातच सांगितलं होतं. तेव्हापासून वाईट असं कोणीच वागलं नाही, पण फोन कमी झाले. "आराम कर गं" एवढंच यायचं. सराफ्यात रात्री खाण्याच्या गाड्यांवर सगळ्या जाऊन आल्या, ते मला ग्रुपवरच्या भुट्ट्याच्या किसाच्या फोटोवरून कळलं. देवळात भेटल्या की मी शेजारी उभी असताना "आता बरी आहे ना ही?" असं माझ्या नवऱ्याला विचारायच्या. माझा अंदाज असा की आपल्यासमोर फिट आली तर काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "काही लागलं तर सांग" असं प्रत्येकीने म्हटलं होतं आणि मीही "हो" म्हटलं होतं. त्यातून कोणाच्याच वाट्याला काही काम आलं नाही. म्हणून आज कामं वाटायचीच असं ठरवून गेले होते.

पहिलं काम घड्याळाचं. फिट सुरू झाली की एकीने वेळ बघायची. माझी फिट दोनएक मिनिटांत आपोआप थांबते. ती पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एक संपून शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली, किंवा डोक्याला मार बसला, श्वास नीट येत नसला, तर 108ला फोन. एरवी दवाखान्यात पळापळ करायची गरज नाही. हे ऐकून माधुरीचा चेहरा जरा सैलावला. तिला वाटत होतं की दर वेळी अँब्युलन्सच लागते.

आतल्या खोलीतून शुभदाच्या सासूबाई म्हणाल्या, "जोडा हुंगवायचा. आमच्या वाड्यात एकाला तसंच बरं वाटायचं." मी म्हटलं, "काकू, जोडा शोधून आणेपर्यंत दोन मिनिटं होतातच. फिट तेव्हा थांबायचीच असते, श्रेय जोड्याला मिळतं." काकूंना काही ते पटलं नाही. पण त्यांनीच पुढे सांगितलं की त्यांच्या वेळी मुलीला असं काही असलं तर लग्नाआधी बाहेर कोणाला कळू देत नसत. कळू कसं देतील? हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्येच एपिलेप्सीचा उल्लेख होता, तो 1999 साली काढला. म्हणजे माझी पिढी शाळेत होती तोवर कायदासुद्धा जोडा हातात घेऊनच उभा होता.

दुसरं, तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी तर नाहीच. जीभ कोणी गिळत नाही, चमच्याने दात मात्र पडतात. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं, चष्मा काढायचा, गळ्याशी ओढणी असेल तर सैल करायची, डोक्याखाली काहीतरी मऊ सारायचं. झटके थांबले की मला कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर पडते आणि घशात अडकत नाही.

"कुशीवर वळवायचं म्हणजे कसं?" शुभदाने विचारलं, आणि मी सतरंजीवर आडवीच झाले. माझा तिच्या बाजूचा हात तिने काटकोनात बाहेर ठेवला, पलीकडच्या हाताचा पंजा माझ्या गालाखाली आणला. मग पलीकडचा गुडघा दुमडून स्वतःकडे ओढला. मी अलगद वळले. तिला वाटलं होतं त्याच्या निम्मीही ताकद लागली नाही. मग माधुरीनेही करून बघितलं. तिने गुडघ्याऐवजी खांदा ओढला आणि मी अर्ध्यातच अडकले, तेव्हा दिवसातलं पहिलं हसू आलं.

तिसरी गोष्ट सांगताना मात्र मी खाली बघूनच बोलले. फिटमध्ये कधी कधी लघवी होते. मला फिटची लाज वाटत नाही, त्याची वाटते. तेव्हा पटकन ओढणी किंवा चादर टाका, माणसांना बाजूला करा, आणि कोणी मोबाइल वर केला तर खाली करायला लावा. शुद्ध आल्यावरही अर्धा तास मी गोंधळलेली असते. त्या वेळी "मला ओळखलंस का?" असं दहाजणींनी विचारू नका. एकीनेच शेजारी बसून कुठे आहोत, काय झालं, एवढं सांगावं.

स्मिता तोवर बोलली नव्हती. म्हणाली, "मला नाही जमायचं. रक्त दिसलं तरी मला चक्कर येते." मला तिचं हे बोलणं सगळ्यांत आवडलं. महिनोन्‌महिने टाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तिला म्हटलं, तू मला हात लावू नकोस, तू गर्दी हटव आणि माझ्या घरी फोन कर. ती लगेच नंबर तपासून बघायला लागली.

मग एक अशी गोष्ट सांगितली, जिने माधुरी चमकली. माझी प्रत्येक फिट पडण्या-झटक्यांची नसते. कधी बोलता बोलता मी थांबते, एकटक बघते, ओठ चाळवते, पदराशी चाळा करते. मिनिटभरात संपतं आणि मला आठवत नाही. तेव्हा हलवायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त गॅस आणि जिना यांपासून दूर ठेवायचं. "अगं, म्हणजे त्या दिवशी माझ्या मुलीच्या लग्नाचं सांगत होते तेव्हा...?" हो, तेव्हा. तिला वाटलं होतं मला त्यात रस नाही, आणि ती मनातल्या मनात फुगून बसली होती.

शेवटचं मागणं फिट नसतानाच्या दिवसांचं. मला बोलवा. येणं न येणं मी ठरवेन. गोळी सकाळ-रात्र वेळेवर लागते आणि झोप मोडलेली चालत नाही, कारण गोळी चुकणं आणि जागरण ही फिट येण्याची दोन मोठी निमित्तं. म्हणून हरितालिकेचा निर्जळा उपास आणि रात्रभरचं जागरण मला नाही. पूजेला येईन, आरती म्हणेन, साडेदहाला घरी. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली आहे, तेव्हा कोणी वाटेवरून जात असेल तर मला घेऊन जा, पण त्यासाठी वाट वाकडी करू नका. रिक्षा मला परवडते. आणि या गोळीने माझी चिडचिड वाढली आहे. मी टोचून बोलले तर त्याच क्षणी तोंडावर सांगा, घरी जाऊन एकमेकींना नको.

शुभदाने विचारलं, सराफ्याचं काय? सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्या की नऊला पोचायचं आणि सव्वादहाला मला सोडायचं, बाकीच्यांनी हवं तर एकपर्यंत बसा, असं ठरलं. गुरुवारी जायचंय. माधुरीची गाडी आहे. स्मिताने ग्रुपवर टाकलंय की ती कढईपासून लांबच्या बाकावर जागा धरेल, आणि मी त्या बाकावर भिंतीकडच्या बाजूला बसायचं.