टोल्युइनच्या टाकीवर स्टँडबाय: माझा अनुभव

शटडाउनमध्ये टोल्युइन या ज्वलनशील द्रवाच्या टाकीची सफाई निघाली आणि परमिटवर स्टँडबाय, म्हणजे बाहेर उभं राहून आतल्यांवर लक्ष ठेवणारा, म्हणून माझं नाव आलं. आत कंत्राटदाराची दोन माणसं उतरणार होती. लाइनी बंद करायला त्यांना ब्लाइंड, म्हणजे आडव्या पत्र्या, टाकले होते, पंपाला कुलूप आणि टॅग होता. ते मी स्वतः फिरून पाहिलं. खरा वेळ गेला गॅस टेस्टिंगला.

टाकी नायट्रोजनखाली होती. मॅनहोल उघडून सेफ्टी ऑफिसरने मीटरची नळी आत सोडली. ऑक्सिजन 4 टक्के, एलईएल शून्य. एलईएल म्हणजे वाफ पेटायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा. कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला, "साहेब, आगीची भीती तर नाहीच मग." पण एलईएलचा नेहमीचा सेन्सर वाफ स्वतःवर जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनमध्ये वाफ कितीही असली तरी त्याचा आकडा खोटाच येणार. म्हणून आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वाफ, शेवटी विषारी वाफ, हा क्रम.

हवेवर चालणारा, अर्थिंग केलेला ब्लोअर बराच वेळ चालवला. ऑक्सिजन 20.8 वर आला आणि मघाचा शून्य 14 झाला! तळच्या गाळात टोल्युइन होतंच. त्याची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, त्यामुळे वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळं रीडिंग घेतलं. लांब नळीतून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, तेवढं प्रत्येक ठिकाणी थांबलो.

एलईएल 10 च्या खाली आला तरी परमिटवर सही झाली नाही, आणि ते योग्यच होतं. टोल्युइनचा 1 टक्का एलईएल म्हणजे सुमारे 110 पीपीएम. आमच्या परमिटवर विषारी वाफेची मर्यादा 50 पीपीएमची होती. वाफ पीपीएममध्ये मोजणाऱ्या पीआयडी मीटरवर त्याखाली आकडा आल्यावरच माणसं उतरली, हार्नेस ट्रायपॉडच्या विंचला जोडून.

मी आत जाणाऱ्यांची नावं आणि वेळ लिहिली आणि मॅनहोलपाशी उभा राहिलो. मध्येच सुपरवायझर म्हणाले, "जरा पाना आणून दे रे." मी म्हणालो, "साहेब, दुसऱ्या कोणाला पाठवा. मला हलायचं असेल तर आधी आतल्यांना वर घ्यावं लागेल." आत कोणी पडलं तरी स्टँडबायने उतरायचं नसतं. आरोळी द्यायची, रेस्क्यू टीमला बोलवायचं आणि विंच फिरवायचा. मागोमाग उतरलेला माणूसही त्याच हवेत कोसळतो.

दुपारी गाळ उपसताना आतल्या एकाच्या छातीवरचा मीटर वाजू लागला. गाळ हलला की वाफ सुटते. "दादा, काम सोडा, वर या," मी ओरडलो. दोघे बाहेर आले, मी वेळ टाकली आणि परमिट थांबवलं. ब्लोअर पुन्हा चालवून टेस्टिंग परत ऑक्सिजनपासून केलं आणि नव्या सहीनंतर, एअरलाइन मास्क लावूनच त्यांना उतरू दिलं.