नऊ ओळींचा मेसेज आणि तेवीस दिवस

सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकलेला मेसेज नऊ ओळींचा होता. दूधवाला बदलतोय, एवढंच सांगायचं होतं. त्याला तेवीस दिवस लागले आणि त्यातले सतरा एका प्रयोगशाळेच्या नमुना घेणाऱ्या खिडकीने खाल्ले. पुण्यात आजही त्या रस्त्याने जाताना माझी मान आपोआप दुसरीकडे वळते.

तक्रार साधीच होती. ए विंगच्या काकूंचं म्हणणं, म्हशीचं म्हणून घेतो पण साय धरत नाही, दही पाणचट लागतं. मी उत्साहाने लॅक्टोमीटर आणला. दूधवाल्याच्या कॅनमधून भांडंभर दूध घेऊन गेटवरच बुडवला तर डिग्री २७. 'ठीकच आहे की,' म्हणून सोडून देणार होतो. तेच भांडं ऑफिसात तासभर तसंच राहिलं. परत बुडवला तर २४! दूध तेच, फक्त गार होतं ते कोमट झालं होतं. गार दूध दाट असतं, त्यामुळे डिग्री चढते. साधारण पाच अंशांना एक डिग्री. आणि दूध गार का होतं, तर कॅनमध्ये बर्फाचे खडे तरंगत होते. विचारलं तर म्हणाला, "साहेब, बर्फ टाकला नाही तर उन्हात नासेल." ते खोटं नव्हतं. पण तो बर्फ वितळून कुठे जातो, हे त्याने सांगितलं नाही.

लॅक्टोमीटरवर विसंबायचं नाही याचं आणखी एक कारण आहे. साय काढली की डिग्री वाढते, पाणी घातलं की उतरते. दोन्ही केलं तर काटा जागेवर. आयोडीनचे थेंब टाकून स्टार्च पाहता येतो. दूध उकळून, गार करून दोन-तीन थेंब टाकायचे, निळं झालं तर स्टार्च. आमचं निळं झालं नाही. पण पाणी किती हे घरी कळत नाही. त्यासाठी फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातला बाकीचा घन भाग, मोजावा लागतो.

मग ती खिडकी. पहिल्यांदा मी पाण्याच्या बाटलीत दूध घेऊन साडेअकराला पोचलो. तिथल्या बाईंनी बाटली हातात घेतली, वास घेतला आणि परत केली. आंबायला लागलंय, नमुना घेता येणार नाही. बर्फाच्या डब्यात आणायला हवं होतं आणि तेही गोठवून नाही. गोठलं की स्निग्धांश वेगळा होतो. हे वेळ घेताना फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा बर्फाचा डबा, सकाळी नऊला हजर. आता त्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र हवं होतं. नमुना कुणी घेतला, कधी, कशातून, कुणासमोर. पत्र दुपारी आणतो म्हटलं, तर "दुपारी नमुना घेत नाही." मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पण ते 'कुणासमोर' मात्र कामाचं निघालं. बी विंगमध्ये एक वकील राहतात. त्यांनी सांगितलं की २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४०नुसार साधा ग्राहकही फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, पण खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. आपण खासगी प्रयोगशाळेत चाललो होतो, केस करायची नव्हती, तरी लपूनछपून नको असं ठरलं. तिसऱ्या नमुन्याच्या वेळी दूधवाल्याला आधी सांगितलं. त्याच्याच हाताने कॅन तळापर्यंत ढवळून घेतला (साय वर येते, वरवरचं घेतलं तर एक आकडा, तळचं घेतलं तर दुसरा), स्वच्छ कोरडी बाटली भरली आणि पत्रावर त्याची सही घेतली. त्याने केलीही, शांतपणे. चौदा वर्षं येतोय. मला त्या क्षणी कसंसंच झालं.

अहवाल 'तीन दिवसांत' मिळणार होता. नवव्या दिवशी मी खिडकीसमोर बसूनच राहिलो, तेव्हा तो छापून निघाला. फॅट ४.१, एसएनएफ ७.४. युरिया, डिटर्जंट, स्टार्च नाही. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाला किमान ६ आणि ९ लागतात. एसएनएफवरून हिशेब केला तर ९चे ७.४ झाले, म्हणजे लिटरमागे पावणेदोनशे मिलीलिटरच्या आसपास पाणी. वकील म्हणाले, गाईचं मिसळलं असेल तर? बरं, पूर्ण गाईचं धरू. त्याला एसएनएफ ८.३ लागतो. तरी दहा-अकरा टक्के खाली.

खरी अडचण मेसेज लिहिताना आली. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं की निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरते आहेत. 'भेसळ' हा शब्द कुठेच नव्हता. माझ्या पहिल्या मसुद्यात तो तीनदा होता. वकिलांनी तिन्ही खोडले. दूध प्रमाणापेक्षा कमी भरलं एवढंच आपल्याला माहीत आहे. पाणी कुणी, कुठे घातलं हे आपण पाहिलेलं नाही. मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. शेवटी गेला तो असा:

"सर्व सभासदांना नमस्कार. येत्या १ तारखेपासून गेटवर सकाळच्या सुट्या दुधासाठी नवे दूधवाले येतील. सध्याच्या दूधवाल्यांसमोर घेतलेल्या नमुन्यात फॅट ४.१ आणि एसएनएफ ७.४ आले. म्हशीच्या दुधाचे किमान प्रमाण ६ आणि ९ आहे. युरिया, डिटर्जंट, स्टार्च आढळले नाहीत. अहवाल ऑफिसात पाहता येईल. जुना हिशेब प्रत्येकाने आपल्या कार्डाप्रमाणे १० तारखेपर्यंत पूर्ण करावा. ज्यांनी आगाऊ पैसे दिले आहेत त्यांनी कार्डाचा फोटो पाठवावा. रतीब कोणाकडे लावायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे."

शेवटचं वाक्य मुद्दाम. सोसायटीने ओळख करून द्यावी, सक्ती करू नये. आणि हो, आगाऊ पैशांचं मेसेजच्या आधी पाहायला हवं होतं. मेसेज गेल्यावर सहा घरांचे मिळून साडेचार हजार अडकलेले निघाले, ते मिळवायला मला दोन रविवार गेले.

नव्याचा नमुना रतीब लावण्याआधीच तपासून घेतला, ६.४ आणि ९.१. त्याचा चौदा आकडी परवाना क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासला, नाव जुळलं. बर्फ तो कॅनच्या बाहेर, गोणपाटात ठेवतो. तीन महिन्यांनी पुन्हा नमुना न्यायचाय. लेटरहेडवरची पत्रं मी आत्ताच सही-शिक्क्यासकट चार करून ठेवली आहेत.

सी विंगमधले आजोबा मात्र अजून जुन्याकडूनच अर्धा लिटर घेतात. "पचायला हलकं आहे," म्हणतात. रोज सव्वासहाला तो सायकल गेटला टेकवतो, वहीत सही करतो आणि जिन्याने चौथ्या मजल्यावर जातो.