साखरेची मधली सुट्टी

रविवारी सकाळी माझ्या चहात साखर ढवळायचं काम भाचीकडे असतं. मोबदला म्हणून तिला एक खारी बुडवायला मिळते. गेल्या रविवारी चमचा फिरवता फिरवता ती म्हणाली, "मावशी, साखर वितळली."

मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "विरघळली."

"म्हणजे?"

झालं, पेपर गेला बाजूला. खरं तर मोठी माणसंही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तूप वितळतं, बर्फ वितळतो, मेणबत्ती वितळते. तिथे त्या वस्तूला फक्त ऊब लागते, दुसरं कुणी नको असतं. साखरही वितळते, पण त्यासाठी ती कोरड्या कढईत तापवावी लागते; मग ती पातळ होते, तांबूस होते आणि लक्ष नसलं तर कडू कोळसा होते. चहातल्या साखरेचं असं काहीच होत नाही. ती तर थंडगार सरबतातही नाहीशी होते, म्हणजे ही करामत उष्णतेची नाही, पाण्याची आहे. पण तिसरीतल्या मुलीला हे सांगायचं तर गोष्ट हवी.

पहिली गोष्ट मी घाईत रचली. एक होता साखरेचा दाणा, त्याने चहात उडी मारली आणि तो लपून बसला. तिने शांतपणे विचारलं, "मेला?" मी म्हटलं, "नाही गं, लपला." "मग चहा गाळला की सापडेल?" आम्ही गाळून पाहिला. गाळणीत दोनचार चुकार पत्त्या आल्या, दाणा आला नाही. गोष्ट तिथेच आपटली, आणि आपटायलाच हवी होती. एका दाण्याला मी एक पात्र केलं, हीच चूक. दाणा हा कुणी एकटा नसतोच, ती गर्दी असते.

मग दुसरी गोष्ट सांगितली. ती अशी:

एका शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला मुलं उभी होती. इतकी मुलं की मोजता मोजता गुरुजी म्हातारे झाले असते. सगळी शिस्तीत, एकमेकांना खेटून, रांगेमागे रांग. लांबून पाहणाऱ्याला मुलं दिसतच नसत, एक पांढरा चौकोनी ठोकळा दिसे. त्या ठोकळ्याचं नाव होतं दाणा. मग फाटक उघडलं आणि बाहेरून पाण्याची पोरं आत घुसली. ती भारी वळवळी, एक क्षण स्वस्थ नाहीत. कडेला उभ्या असलेल्या मुलाचा त्यांनी हात धरला, कुणी डाव्या बाजूने, कुणी उजव्या, आणि ओढलं. तो रांगेतून सुटला. त्याच्यामागचा आता कडेला आला, मग त्याला ओढलं. असं करता करता ठोकळा झिजत गेला आणि शेवटी एकही रांग उरली नाही. प्रत्येक मुलाभोवती पाण्याच्या पोरांचं कोंडाळं, आणि सगळी मैदानभर पांगलेली. आता सांग, मुलं किती उरली?

"तेवढीच," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीत पण तेवढीच असतात. फक्त बाई हाक मारून दमतात."

या गोष्टीवर मी खूश आहे, कारण ती पुढचे प्रश्नही पेलते. पिठीसाखर चटकन का विरघळते आणि खडीसाखर का रेंगाळते? पिठीत ठोकळे बारीक, म्हणून कडेला उभी असलेली मुलं जास्त. गरम चहात लवकर का? कारण तापलेली पोरं जास्त जोराने ओढतात. ढवळायचं कशाला? फाटकापाशी झालेली दाटी पांगवायला. हे शेवटचं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. काचेच्या पेल्यात साधं पाणी घेतलं आणि खडीसाखरेचा खडा त्याच्याच दोऱ्याने धरून वरच्या वर बुडवला. उजेडाकडे धरल्यावर खड्याखालून पाण्यातच पाण्याच्या बारीक रेषा थरथरत खाली जाताना दिसल्या. तो साखरेने जड झालेला पाक तळाकडे निघालेला असतो. एकदा तळाशी साचला की न ढवळता वर यायला त्याला दिवसच्या दिवस लागतात. शेवटचा घोट गोडमिट्ट लागतो तो यामुळे. तळाला साखर राहिली म्हणजे चहाचं पोट भरलं, असं मात्र नव्हे. १०० ग्रॅम पाणी गार असतानाही सुमारे २०० ग्रॅम साखर सामावून घेतं, म्हणजे कपभर पाण्यात साठएक चमचे. एवढी साखर आमच्या घरात फक्त काकांच्या चहात असते.

आता 'तेवढीच' हे सिद्ध करायचं होतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. चहाचा कप ठेवून काटा शून्यावर आणला, चमचाभर साखर घातली, ५ ग्रॅम. ढवळलं. काटा ५ वरून ४ वर आला, मग ३ वर. भाचीने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं, "बघ, साखर चालली!"

क्षणभर मीही गांगरले. मग कपावरची वाफ दिसली. कपावर ताटली झाकली, मिनिटाने उचलली आणि तिच्यावर जमलेले थेंब तिला चाटायला दिले. "फिकं," ती म्हणाली. चालली होती ती पाण्याची पोरं. साखर जागची हलली नव्हती. तोच प्रयोग नळाच्या पाण्यात केला तर काटा ५ वर गेला आणि तिथेच राहिला. मुलांना हे करून दाखवणार असाल तर गरम चहा घेऊ नका, गोष्टीतला चहा गोष्टीतच बरा.

एका ठिकाणी माझी गोष्ट तोकडी पडते, ते तिला सांगितलं नाही. मैदानात प्रत्येक मूल आख्खं राहतं, आणि साखरेचा प्रत्येक कणही पाण्यात आख्खाच राहतो, इथपर्यंत ठीक. पण मीठ टाकलं तर तिथे जोड्याही फुटतात, सोडियम एकीकडे, क्लोरीन एकीकडे, दोघांवर उलटसुलट विद्युतभार. त्यासाठी वेगळी शाळा लागेल. आणि दूध तर मुळीच नको. त्यातल्या चरबीचे थेंब विरघळलेले नसतात, नुसते तरंगतात, म्हणून तर साय धरते.

"मग परत रांगा लागतात का?" तिचा शेवटचा प्रश्न.

लागतात. पाण्याची पोरं घरी गेली की मैदान मोकळं होतं आणि मुलं पुन्हा एकमेकांना खेटतात. खडीसाखर अशीच बनते. दाट पाकात दोरा सोडतात आणि मुलं त्याला धरून रांगा लावतात. आम्ही वजन केलेलं ते साखरेचं पाणी बशीत ओतून खिडकीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी बशीच्या तळाला चिकट, चकचकीत थर राहिला होता. बोट लावून चाखला, गोड. स्फटिक दिसण्यासाठी आणखी थांबू म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. बशीत रांग लागली होती. खिडकीच्या फटीतून निघून थेट बशीपर्यंत, मुंग्यांची.