धरण भरलं, मग नळ कोरडा का? तीन मिनिटांच्या व्हिडिओची तयारी

पावसाळ्यात बेळगावात एक बातमी ठरलेली असते, राकसकोप भरलं. आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत घागरी घेऊन विहिरीकडं जाणारी माणसंही ठरलेली. समोरच्या मामी म्हणाल्या, "धरण भरलंय म्हणे, मग आमच्या नळानं काय पाप केलंय?" व्हिडिओचा विषय तिथंच मिळाला.

लिहायला बसलो तेव्हा वहीच्या पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात मी बोलणार ते वाक्य, दुसऱ्यात त्या वेळी दिसणारं चित्र, तिसऱ्यात त्या वाक्याचा पुरावा. तिसरा रकाना रिकामा राहील ते वाक्य काढायचं, असं ठरवलं. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द धरले, तर तीन मिनिटांत पावणेचारशेच्या आसपास शब्द बसतात. त्यामुळे काढून टाकायला तसंही निमित्त हवंच होतं.

पहिलं वाक्य होतं 'राकसकोपची पातळी 2475 फूट झाली'. आकडा बरोबर, पण नुसता ऐकला तर लोकांना पाणी तेवढं खोल वाटतं. ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. जलाशय भरल्याची ती खूण. त्यातून आपल्या टाकीत किती पाणी पडणार, हे मात्र कळत नाही. म्हणून 'समुद्रसपाटीपासून' हा शब्द वाक्यातच घेतला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकला असता तर कुणी वाचला नसता.

खरी गोष्ट धरण आणि नळ यांच्या मधल्या वाटेत आहे. मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपचं पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनातून लक्ष्मी टेकडीच्या शुद्धीकरण केंद्रात चढवतात. शहराला दुसरं पाणी येतं ते घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून, बसवणकोळ्ळच्या केंद्रामार्गे. दोन्हीकडं पंप लागतात, म्हणजे वीज लागते. काही तास वीज गेली, तर तेवढ्याच तासांचं पाणी बुडालं असं होत नाही. आधी जलवाहिनी भरते, मग उंचावरची टाकी, मग व्हॉल्व्ह उघडतात. त्यात एखाद्या भागाची पाळी चुकली, की पुढच्यांचीही सरकते. हा भाग मला व्हॉल्व्हमननं व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी उकिडवं बसून समजावला. त्याच्यामुळेच कळलं की आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह ओळीत शेवटून दुसरा आहे.

मग प्रश्न आला दिवसांचा. कार्यालयात सांगितलं, पाच दिवसांनी पाणी देतो. गल्लीत जो तो म्हणत होता, दहा-दहा दिवस येत नाही. मामींच्या कॅलेंडरवर पाणी सुटलेल्या तारखांना निळे गोल होते, पलीकडच्या घरातही तशाच खुणा. दोन्ही जुळवल्यावर अलीकडचं सर्वांत मोठं अंतर आठ दिवसांचं निघालं. मी लिहिलं, 'कार्यालय पाच दिवस सांगतं, दोन घरांच्या नोंदीत एकदा आठ दिवसांचं अंतर आहे'. 'नेहमी आठ दिवस' म्हणायला पुरावा नव्हता.

त्याला जोडून एक हिशोब दाखवला. शहरी पुरवठ्याचा केंद्र सरकारचा निकष माणशी रोज 135 लिटर. पाच माणसांच्या घराला रोज 675, आठ दिवसांना 5400 लिटर. आमच्याकडच्या बऱ्याच घरांवर हजार लिटरची टाकी आहे. इथं आकडे न बोलता टाकीचं चित्र ठेवलं आणि तशाच टाक्या एकामागून एक उभ्या केल्या. पाच पूर्ण, सहावी अर्ध्याच्या थोडी खाली.

चित्रं निवडताना जास्त त्रास झाला. धरणाचे दरवाजे उघडल्याची एक झकास क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. फाइलवरची तारीख त्याच दिवसाची दिसत होती, पण ती फोनमध्ये उतरवल्याची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीत मूळ चित्रीकरणाची माहिती सहसा उरत नाही. एक फ्रेम थांबवून इमेज सर्चला टाकली, तर तेच दृश्य आधीच्या एका पावसाळ्यात चढवलेलं सापडलं. दरवाजे कुठल्या धरणाचे तेही ठरेना. क्लिप सोडून दिली आणि राकसकोपला जाऊन रस्त्यावरून दिसतं तेवढंच पाणी घेतलं. दृश्य मचूळ आहे, पण जागा आणि तारीख माझी.

टँकरपुढच्या गर्दीचं माझंच चांगलं दृश्य होतं. ते दुसऱ्या भागातलं. 'आमच्या गल्लीत' या शब्दांवर ते आलं असतं, तर मी न बोललेली गोष्ट चित्रानं सांगितली असती. त्या जागी मामींचं कॅलेंडर घेतलं, त्यांना विचारून. औषधांच्या वेळा लिहिलेला कोपरा त्यांनीच हातानं झाकला.

शेवटच्या पट्टीवर नोंदी कोणत्या महिन्याच्या आणि कार्यालयाचं उत्तर कोणत्या तारखेचं, ते टाकलं. पाळ्या बदलल्या की व्हिडिओ जुना होणार. तसं झालं तर आठ दिवसांच्या अंतराचं वाक्य नव्यानं बोलायचं, म्हणून ते वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर ठेवलंय.