बोनाफाईडच्या फेऱ्यात अडकलेली फी

लेकीला कॅप फेरीत पुण्यात इंजिनिअरिंगला सीट लागली. पहिल्या वर्षाची फी १,६०,००० रुपये. घरात एफडी होती. ती मोडली असती तर थोडंफार व्याज बुडालं असतं, एवढंच. पण आईचं वय पाहता दवाखान्यासाठी हाताशी तेवढीच रक्कम, म्हणून तिला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलं. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत बिनातारण मिळतं, शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने हप्ते सुरू होतात. म्हटलं, हेच बरं.

आणि तिथेच घोडं अडलं. बँकेतले साहेब म्हणाले, "बोनाफाईड आणा." कॉलेजच्या खिडकीवरून उत्तर आलं, "आधी फी भरा, मग बोनाफाईड." पुन्हा बँकेत गेलो, तर "अहो, प्रवेश पक्का नसताना फाईल पुढे कशी पाठवू?" इकडे कॉलेजात हजर होऊन प्रवेश पक्का करायची तारीख जवळ येत चाललेली. दोघांपैकी कुणालाच ती तारीख माझ्याइतकी टोचत नव्हती. शेवटी कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या एका बाईंनी सांगितलं, शाखाधिकाऱ्यांच्या नावे, चारही वर्षांची फी वर्षवार लिहिलेलं तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र मागा. लेटरहेडवरचं ते पत्र बँकेला चाललं. हे बँकेने पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती?

पण मंजुरीपर्यंत तारीख थांबणार नव्हती, म्हणून हिचे गोठ आणि पाटल्या तारण ठेवल्या. सराफाने कसोटीवर घासून पाहिलं आणि गोठांतली लाख वजनातून वजा केली. धरलेलं वजन घरच्या अंदाजापेक्षा बरंच कमी भरलं. पैसे मात्र त्याच दिवशी खात्यात. व्याज ९ टक्के, म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. मुदत एक वर्ष, शेवटी मुद्दल एकरकमी. सगळी फी अशीच भरायची म्हटली तर खरा धोका इथे आहे: लेक कमवायला लागायच्या आधीच दरवर्षी नवी फी आणि जुनं मुद्दल एकत्र दारात उभं राहणार. थकलं तर नोटीस, मग लिलाव.

शैक्षणिक कर्जही फुकट थांबत नाही. हप्ता नसला तरी १,६०,००० वर १० टक्क्यांनी वर्षाला १६,००० रुपये चढतात, आणि पुढच्या वर्षाची फी उचलली की त्यावरचं वेगळं. आम्ही ते व्याज आत्तापासूनच भरतोय. सहकर्जदार मीच, त्यामुळे थकबाकी झाली तर माझाही सिबिल खराब होणार. व्याजावर आयकरात सूट आहे, पण जुन्या करप्रणालीत.

हो, एक राहिलं. आधी भरलेली फी पावतीवर परत देणार का, हे अर्ज देतानाच लेखी विचारून घ्या. आमच्या शाखेने दिली, आणि त्यातूनच दागिने सुटले. तारणाच्या पावतीवर प्रत्येक दागिन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. सोडवताना वजनकाट्यावर तेच ताडून पाहिलं.