ढोल थांबल्यावर काय?

दिवाळी अंकासाठी चोरीची कथा लिहायला घेतली तेव्हा तालुक्याची पतसंस्था, तिथे पैसे बुडालेले चार ठेवीदार आणि बोगस कर्जांची एक वही, एवढंच ठरलं होतं. चौघांना पैसे नकोत, तिजोरीतली ती वही हवी. रात्र अनंत चतुर्दशीची, कारण ड्रिलचा आवाज झाकायला ढोलपथकासारखं दुसरं काही नाही.

टोळी सोपी गेली. तिजोऱ्या दुरुस्त करणारा आबा, निवृत्त कॅशिअर, मांडववाला आणि पथकाची म्होरकी. आबा जुन्या डायलच्या तिजोऱ्या नुसत्या स्पर्शाने उघडायचा, पण आता त्याचे हात थरथरतात, म्हणून ड्रिल. बेतही सरळ: म्होरकी पथक संस्थेसमोर चाळीस मिनिटं थांबवून ठेवणार, तेवढ्यात आत काम उरकायचं. हा बेत मी वाचकाला मिनिटागणिक सांगून टाकला. पुढे तो मोडणार असेल तर तो आधी नीट कळायलाच हवा, नाहीतर काय मोडलं हे कुणाला कळणार? जो बेत पार पडणार असतो, तो मात्र झाकून ठेवावा.

अडलं ते अडचणीपाशी. आधी वीज घालवून पाहिली. पण वीज कुणाचीही, कधीही जाते, त्यात या चौघांचा काय संबंध? मग बेतच पुन्हा वाचला. पथक चाळीस मिनिटं रस्ता अडवणार म्हटल्यावर मागचं मंडळ गप्प बसेल का? बाचाबाची, मग हाणामारी, पोलीस येऊन सगळी वाद्यं बंद करणार. बाहेर चिडीचूप, आणि आत ड्रिल जेमतेम पत्र्यात शिरलेलं. दारात बंदोबस्त, म्हणजे बाहेरही पडता येत नाही.

इथे दोन दिवस मी नुसताच बसून होतो. मग लक्षात आलं, ड्रिलला जी शांतता मारक, तीच स्पर्शाच्या कामाला हवी. डायल फिरवताना आतला दांडा चकतीच्या खाचेला टेकतो, ती जागा बोटांना किंचित अडखळल्यासारखी लागते. ढोलांच्या हादऱ्यांत ते कळलंच नसतं. अशा जागा टिपत आकडे काढायला तास न् तास लागतात. पण मिरवणूक अडकल्यामुळे आता रात्रभर वेळ होता! ड्रिल आणखी आत गेलं असतं तर चांगल्या तिजोरीत अशा ड्रिलसाठीच बसवलेली काच फुटून जादा खिट्टी पडते, आणि मग बरोबर आकडेही कामाचे नाहीत. म्हणून भोक वरवरचंच ठेवलं.

आबाची बोटं चालणार नव्हती, पण कॅशिअरची चालणार होती. मग मागे जाऊन टोळी जमते त्या प्रसंगात भर घातली: चहाच्या टपरीवर गप्पा मारता मारता कॅशिअर न बघता बोटांनी खोटी नोट बाजूला काढतो, सगळे हसतात. वाचकही हसून पुढे जावा, एवढंच त्या प्रसंगाचं काम.

तिजोरीपाशी आबा कागदावर आकडे मांडत राहतो, कॅशिअर डोळे मिटून "हं... इथे" म्हणतो. मला वाटतं ही दोन पानं कथेत सगळ्यात बरी उतरलीत. पहाटे वही आरतीच्या परडीत घालून चौघं विसर्जनाच्या गर्दीत मिसळतात. ते मी चार ओळींत उरकलं.