आमची वाटचाल: एक जीबीच्या फोनवर केळीचा ट्रक

जळगावातली आमची तीन माणसांची कंपनी. आधी दुकानांच्या वेबसाइट करून द्यायचो, मग गेमकडे वळलो. पहिला गेम केळीचाच: रावेर-सावद्याकडच्या बागेतून घड आणायचे, ट्रकमध्ये नीट रचायचे आणि माल न सांडता गाडी पोचवायची. आमचं गिऱ्हाईक म्हणजे एक जीबी रॅमचे जुने फोन वापरणारी पोरं, म्हणून डाउनलोड लहान ठेवलं होतं. तरी यावलहून एका पोराचा फोन आला, "दादा, तुमना गेम आपोआप बंद व्हई जास."

कोडमध्ये चूक असली की फोन बहुतेकदा 'ॲप बंद पडले' असं सांगतो. इथे काहीच न सांगता थेट होम स्क्रीन यायची. रॅम कमी पडली की अँड्रॉइड ॲपला असंच गुपचूप संपवतं. तसला फोन संगणकाला जोडून मेमरी पाहिली:

```
adb shell dumpsys meminfo com.example.game
```

ट्रकचा देखावा उघडला की TOTAL चा आकडा एकदम उडी मारायचा. कारण चित्रं. जेपीजी किंवा पीएनजी फाइल डिस्कवर काहीशे केबींची असते, पण पडद्यावर यायला ती उलगडावी लागते आणि मग प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात. २०४८ × २०४८ चं एक चित्र म्हणजे १६ एमबी. आमची तशी सहा होती, म्हणजे ९६ एमबी.

ग्राफिक्स चिपला न उलगडता वाचता येतील असे टेक्स्चरचे, म्हणजे गेममधल्या चित्रांचे, दाबलेले प्रकार असतात. त्यातला एएसटीसी हा प्रकार नवे फोन वाचतात, पण या फोनची चिप ओपनजीएल ईएस २.० या जुन्या ग्राफिक्स प्रणालीपुरती होती. तिला ईटीसी२ हा प्रकारही वाचता येत नाही. दिलं तर इंजिन ते आधी उलगडतं आणि पुन्हा १६ एमबी. उरलं ईटीसी१. त्यात बिंदूला अर्धा बाइट लागतो, पण पारदर्शकता नाही. म्हणून घड आणि ट्रक असलेल्या दोन चित्रांची पारदर्शकता वेगळ्या टेक्स्चरमध्ये ठेवली आणि शेडरमध्ये, म्हणजे चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, दोन्ही जोडली.

फोनचा पडदा ८५४ × ४८०, म्हणून चित्रंही १०२४ वर आणली. चार देखावे अर्ध्या-अर्ध्या एमबीचे, बाकी दोन एकेक एमबीची: एकूण चार एमबी. पिवळ्या सालीवर बारीक चौकोन दिसतात, ते चालवून घेतलं. मराठी अक्षरं मात्र फारच फाटत होती. त्यांचं ५१२ × ५१२ चं चित्र न दाबता तसंच ठेवलं, त्याला एक एमबी गेली.

आता राहिलं डाउनलोड. नव्या फोनसाठी एएसटीसीचा संच वेगळा केला. दोन्ही एकाच एपीकेत घातले असते तर प्रत्येकाला दोन्हींचा भार पडला असता. त्याऐवजी प्ले स्टोअरला द्यायच्या `aab` बंडलमध्ये फोल्डरांना `#tcf_etc1` आणि `#tcf_astc` अशी शेपटी लावली. प्ले स्टोअर फोन बघून एकच संच पाठवतं. ५१२ एमबी रॅमच्या फोनचा नाद सोडला. तिथे गेमच्या आधी फोनच दमतो.